कॅटलॉगमध्ये १०.६६ किलो, बिलात १०.८५ किलो: सळईचं बिल प्रत्यक्ष वजनावर का होतं?

लोखंडाच्या व्यवसायात उतरायचं असेल, मग ते टीएमटी सळयांचं दुकान असो, फॅब्रिकेशन असो की बिल्डिंग मटेरियलचा डेपो, एक प्रश्न काउंटरवर हमखास येतो. ग्राहक मोबाईलमध्ये कॅटलॉगचा फोटो उघडतो आणि म्हणतो, "शेठ, तुमच्याच कागदावर १२ एमएमची सळई १०.६६ किलो लिहिलीय. ८० सळयांचे ८५३ किलो झाले. मग बिलात ८६८ कसे?"

इथे दोन प्रकारचे दुकानदार चुकतात. एक म्हणतो, "आमच्याकडे असंच असतं, परवडत असेल तर घ्या." दुसरा घाबरून पंधरा किलो सोडून देतो. पहिल्याचा ग्राहक जातो, दुसऱ्याचा नफा जातो. ग्राहकाला नीट समजावता आलं तर दोन्ही वाचतं. पण समजावण्याआधी ते आपल्याला कळायला हवं. म्हणून आज फक्त टीएमटी सळईचं उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

कॅटलॉगमधला आकडा येतो कुठून?

कॅटलॉगमधलं वजन कुणी काट्यावर तोलून लिहिलेलं नसतं, ते गणिताने काढलेलं असतं. सळई अगदी बरोबर १२ एमएम व्यासाची, गोल आणि पूर्ण भरीव आहे असं धरायचं. लोखंडाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर धरायची. मग एक मीटर लांबीचं वजन काढायचं. या सगळ्या गणिताचं सोपं रूप बांधकामावरच्या प्रत्येक सुपरवायझरला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२.

१२ चा वर्ग १४४. त्याला १६२ ने भागलं की ०.८८९ येतं. छापील तक्त्यात ०.८८८ किलो प्रति मीटर लिहितात. बाजारातली सळई साधारण १२ मीटरची असते, म्हणून ०.८८८ गुणिले १२ म्हणजे १०.६६ किलो. याच पद्धतीने ८ एमएमची सळई ४.७४ किलो आणि १६ एमएमची १८.९६ किलो भरते. याला प्रमाण वजन म्हणतात. बाजारात 'थिअरॉटिकल वजन' किंवा 'सेक्शन वेट' असंही ऐकायला मिळेल.

टीएमटी सळईला तर गोल गुळगुळीत अंगच नसतं. तिच्यावर काँक्रीट पकडायला आडव्या धारा असतात, त्यांना रिब म्हणतात. त्यामुळे व्हर्नियर लावून १२ एमएम व्यास मोजायला गेलात तर कुठे जास्त येईल, कुठे कमी. 'ही १२ एमएमची सळई' याचा खरा अर्थ असा, की १२ एमएमच्या गुळगुळीत सळईत जेवढं लोखंड असतं तेवढं हिच्यातही असायला हवं. म्हणजे वजन हेच तिचं माप आहे, आणि कॅटलॉगमधला आकडा हे त्या मापाचं लक्ष्य आहे.

मग प्रत्यक्षात फरक का पडतो?

सळई रोलिंग मिलमध्ये तयार होते. लाल तापलेलं बिलेट एकामागून एक रोलच्या जोड्यांमधून जातं आणि प्रत्येक वेळी बारीक होत जातं. शेवटच्या रोलमधल्या खाचेतून बाहेर पडताना सळईला तिचा अंतिम आकार आणि रिब मिळतात. आता विचार करा, त्या खाचेतून रोज टनावारी गरम लोखंड जातंय. खाच झिजणारच. नवी खाच असते तेव्हा सळई थोडी हलकी निघते. खाच झिजून मोठी झाली की त्याच मापाची सळई थोडी जड निघू लागते. मग मिलवाले रोल बदलतात किंवा नव्या खाचेवर जातात. म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच मापाचा जूनमधला माल आणि ऑगस्टमधला माल वजनात वेगळा असू शकतो. यात लबाडी नाही, हा यंत्राचा स्वभाव आहे.

दुसरं कारण लांबी. १२ मीटरची सळई म्हणजे अगदी १२.००० मीटर नव्हे. मिल ग्राहकाची तक्रार नको म्हणून पाच-सात सेंटीमीटर जास्त ठेवू शकते. पाच सेंटीमीटर लांबी म्हणजे १२ एमएमच्या सळईत सुमारे ४४ ग्रॅम. एका सळईत काहीच नाही, पण ८० सळयांत साडेतीन किलो.

हा फरक होणार हे आपल्या मानकालाही मान्य आहे. टीएमटी सळयांसाठी भारतीय मानक आयएस १७८६ आहे. त्यात मालाच्या लॉटसाठी प्रमाण वजनापेक्षा किती कमी-जास्त चालेल हे दिलेलं आहे: १० एमएमपर्यंत ७ टक्के, १० च्या वर १६ एमएमपर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के. म्हणजे १२ एमएमची सळई सरासरी १०.१२ किलोपासून ११.१९ किलोपर्यंत कुठेही भरली तरी माल मानकात बसतो. बारीक सळईला सूट जास्त आहे, कारण खाच तेवढीच झिजली तरी बारीक सळईत तिचा टक्का मोठा होतो.

या कमी-जास्त फरकाला बाजारात 'रोलिंग मार्जिन' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. कंत्राटदार ग्राहकाशी बोलताना तो कामाला येईल.

एक पूर्ण बिल सोडवून बघू

समजा एक सर घर बांधतायत. इंजिनिअरने यादी दिली: ८ एमएमच्या १०० सळया, १२ एमएमच्या ८० आणि १६ एमएमच्या २०. हिशोबासाठी तुमचा भाव ६० रुपये किलो धरू, जीएसटी वेगळा.

सरांनी घरी बसून कॅटलॉगवरून हिशोब केला. ८ एमएमचे ४७४ किलो, १२ एमएमचे साधारण ८५३, १६ एमएमचे ३७९. एकूण १,७०६ किलो.

तुमच्या दुकानात माल तोलला. ८ एमएम भरलं ४८८ किलो, १२ एमएम ८६८, १६ एमएम ३८२. एकूण १,७३८ किलो.

फरक ३२ किलोचा. टक्केवारीत पाहिलं तर दोन टक्क्यांच्याही आत. मापानुसार पाहिलं तर ८ एमएममध्ये सुमारे ३ टक्के, १२ एमएममध्ये पावणेदोन आणि १६ एमएममध्ये एक टक्काही नाही. तिन्ही आकडे मानकाच्या मर्यादेत आरामात बसतात. पण सरांच्या दृष्टीने ३२ किलो गुणिले ६० म्हणजे १,९२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास २,२६६ रुपये जास्त. घर बांधणारा माणूस एवढ्या रकमेचा प्रश्न विचारणारच, आणि त्याने तो विचारायलाच हवा.

आता हाच माल तुमच्या बाजूने बघा. समजा तो तुम्हाला ५७ रुपये किलोने पडला. मिलने किंवा मोठ्या डीलरने तुम्हाला बिल कशावर दिलं? त्यांच्या काट्यावरच्या वजनावर. मिल बिलेट वजनावर घेते, ट्रकचं भाडं टनावर ठरतं, तुमचं खरेदी बिल टनावर येतं. म्हणजे या १,७३८ किलोंचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत. किलोमागे ३ रुपये धरले तर तुमचा ढोबळ नफा ५,२१४ रुपये.

सरांचं मन राखायला तुम्ही १,७०६ किलोंचंच बिल केलं तर? तुमच्या हातात ३,२९४ रुपये उरतील. मालात दोन टक्केही फरक नाही, पण नफ्यातले ३७ टक्के गेले. त्यातून हमाली, गाळ्याचं भाडं आणि उधारीचं व्याज काढा, मग काय राहतं ते बघा. लोखंडाच्या धंद्यात किलोमागचा नफा बारीक असतो, म्हणून वजनातला छोटा फरकही थेट नफ्यावर येतो.

शिवाय स्टॉकचाही घोळ होतो. खरेदी १,७३८ किलोंची आणि विक्री १,७०६ किलोंची. वहीत ३२ किलो शिल्लक दिसतात, गोडाउनमध्ये मात्र सळईचा तुकडाही नाही. असं वर्षभर चाललं की वहीतला स्टॉक आणि प्रत्यक्ष स्टॉक यांची तोंडं दोन दिशांना. मग सीए विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

उलट झालं तर? खरी मेख इथे आहे

आतापर्यंत असं वाटेल की कॅटलॉगचं वजन ग्राहकाच्या फायद्याचं आणि प्रत्यक्ष वजन दुकानदाराच्या. पण माल हलका असेल तर काय होतं ते बघा.

समजा हाच माल नव्या खाचेतून निघालेला आहे आणि १,६७२ किलो भरतो. हेही मानकात बसतं. तुम्ही खरेदी केली १,६७२ किलोंची आणि 'कॅटलॉगप्रमाणे' बिल केलं १,७०६ किलोंचं. ३४ किलो लोखंड कधी आलंच नाही, पण त्याचे २,०४० रुपये सरांनी दिले. आणि सर खुश, कारण बिल कॅटलॉगशी तंतोतंत जुळलं!

म्हणून कॅटलॉगच्या वजनावर विकणाऱ्या दुकानदाराला हलका माल शोधायची चटक लागू शकते. जेवढी सळई हलकी, तेवढा वरचा फायदा. आणि हे नुसतं पैशांपुरतं राहत नाही. कॉलममध्ये लोखंड कमी गेलं तर घराच्या ताकदीशी त्याचा संबंध आहे. प्रत्यक्ष वजनावर विकणाऱ्याला हलक्या मालातून काहीच वरकमाई नसते. सळई हलकी निघाली तर बिलही हलकं होतं.

ग्राहकाला समजावताना ही गोष्ट सांगा: "सर, आज फरक तुमच्या विरुद्ध गेला. पुढच्या लॉटला सळई हलकी आली तर तुमचं बिल कॅटलॉगपेक्षा कमी होईल. मी दोन्ही वेळा काट्यावर जे येईल तेच लावतो." पण सांगताय तर तसं वागाही. जड माल प्रत्यक्ष वजनाने आणि हलका माल कॅटलॉगच्या वजनाने विकणारा दुकानदार ग्राहकाला फार दिवस फसवू शकत नाही. एखादा ठेकेदार दोन बिलं शेजारी ठेवतो आणि सगळं उघडं पडतं.

ग्राहकाच्या बोलण्यातही तथ्य आहे

तरी सरांचा एक मुद्दा उरतो. ते म्हणतील, "मला किलो नकोयत, मला ८० सळया हव्यात. सळई जड निघाली म्हणून माझ्या कॉलममध्ये एक सळई कमी लागणार आहे का?" नाही लागणार. इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये नग ठरलेले आहेत. जास्तीचं वजन स्लॅबमध्ये जाईल, वाया जाणार नाही, पण त्यामुळे सरांची सळयांची गरज कमी होत नाही.

म्हणून ग्राहकाने खरं तर किलोचा भाव बघून भागत नाही, सळईमागे काय पडतं हे बघावं लागतं. उदाहरण घ्या. तुमचा भाव ६० रुपये आणि १२ एमएमची सळई सरासरी १०.८५ किलोची. म्हणजे एक सळई ६५१ रुपयांना. शेजारच्या दुकानात भाव ६१ रुपये, पण त्यांच्या लॉटमध्ये सळई १०.५५ किलोची. त्यांची सळई पडते ६४३ रुपये ५५ पैशांना. म्हणजे किलोला एक रुपया महाग असूनही सळईमागे साडेसात रुपये स्वस्त, आणि दोन्ही माल मानकात बसणारे.

हे गणित तुमचा ग्राहक आज ना उद्या करणार. तर मग आपणच आधी करून दिलेलं बरं. नवीन लॉट आला की प्रत्येक मापाच्या दहा-वीस सळया तोला, सरासरी काढा आणि काउंटरवर पाटी लावा: 'चालू लॉट: ८ एमएम ४.८८ किलो, १२ एमएम १०.८५ किलो, १६ एमएम १९.१० किलो.' लॉट बदलला की पाटी बदला. आता कोटेशन देताना कॅटलॉगच्या आकड्याऐवजी या पाटीवरून अंदाज द्या. सरांना घरी बसूनच १,७३८ च्या आसपासचा आकडा कळला असता तर भांडण झालंच नसतं. भांडण बहुतेक वेळा वजनावरून होत नाही, अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा बिलात अचानक दिसतो त्यावरून होतं.

कंत्राटदार ग्राहक जास्त का चिडतो?

घर बांधणाऱ्या ग्राहकापेक्षा कंत्राटदाराचा आवाज मोठा असतो. त्याचं कारण समजून घ्या. अनेक कंत्राटांमध्ये, विशेषतः सरकारी कामांत, सळईचं मोजमाप लांबी गुणिले प्रमाण वजन असं होतं. म्हणजे कंत्राटदाराला पैसे मिळतात १०.६६ किलोंचे आणि तो तुमच्याकडून घेतो १०.८५ किलो. मधला फरक त्याच्या खिशातून जातो.

अशा ग्राहकाला "सर्वांना असंच देतो" सांगून उपयोग नाही. त्याच्याशी ऑर्डरच्या आधीच रोलिंग मार्जिनवर बोला. एक मार्ग असा, की बिल प्रत्यक्ष वजनावर, पण एका ठरावीक टक्क्यापेक्षा जास्त जड लॉट त्याला द्यायचा नाही. दुसरा मार्ग, त्याच्याशी सळईमागे भाव ठरवायचा, तोही चालू लॉटच्या सरासरीवरून काढायचा. मात्र कंत्राटदाराने पर्चेस ऑर्डरमध्ये 'बिल प्रमाण वजनावर' असं लिहिलं असेल आणि तुम्ही ती ऑर्डर स्वीकारली असेल, तर मग माल जड निघाला म्हणून नंतर काटा पावती पुढे करता येणार नाही. जे ठरलं ते पाळायचं. म्हणून ऑर्डर वाचून घ्या, वजनाची ओळ कुठे आहे ते आधी शोधा.

काटा खरा असेल तरच हे सगळं बोलायचं

'प्रत्यक्ष वजन' या शब्दाची ताकद तुमच्या काट्यात आहे. वजनकाट्याची तपासणी आणि मुद्रांकन वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून दर वर्षी करून घ्यावं लागतं. ते प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये ठेवू नका, काट्याजवळ भिंतीवर लावा. ग्राहकाने विचारायच्या आत त्याला दिसलं पाहिजे.

दुसरं, कुठला काटा वापरायचा? ट्रकचे मोठे वे-ब्रिज बऱ्याचदा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. १० किलोचा टप्पा असेल तर प्रत्येक वेळी आकडा ५ किलोपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतो. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी अशी दोनदा तोलणी होते, म्हणजे निव्वळ वजनात १० किलोपर्यंत चूक शक्य आहे. १५ टनांच्या ट्रकला ते काहीच नाही. पण वीस सळयांच्या, म्हणजे साधारण २१० किलोंच्या ऑर्डरला ती जवळपास पाच टक्के होते! अख्ख्या रोलिंग मार्जिनएवढी चूक काट्याचीच. म्हणून छोटी ऑर्डर दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर किंवा हुकाच्या काट्यावर तोला. वे-ब्रिजचं वजन पूर्ण ट्रकसाठी ठेवा.

वे-ब्रिजवर आणखी एक काळजी. रिकाम्या गाडीचं वजन आरसी बुकातून किंवा जुन्या पावतीवरून घेऊ नका. त्याच दिवशी, त्याच काट्यावर तोला. रिकामी तोलताना ड्रायव्हर आणि हमाल केबिनमध्ये असतील तर भरलेली तोलतानाही असू द्या, किंवा दोन्ही वेळा उतरवा. मध्येच डिझेल भरलं तर तेही लोखंडाच्या भावाने विकलं जातं.

प्लॅटफॉर्म काट्यावर लांब सळया तोलताना टोकं खाली जमिनीला किंवा भिंतीला टेकत नाहीत ना ते बघा. टोक टेकलं की थोडं वजन जमीन उचलते आणि काटा कमी दाखवतो. इथे नुकसान तुमचं. आणि प्रत्येक माप वेगळं तोला. सगळं एकत्र तोललंत तर कोणत्या मापात फरक पडला हे ना तुम्हाला सांगता येईल ना ग्राहकाला.

कोटेशन आणि बिलात काय लिहायचं?

कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात नको, भावाच्या लगेच पुढच्या ओळीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर असं चालेल:

"भाव ६० रुपये प्रति किलो, जीएसटी वेगळा. सळया नगावर मोजून दिल्या जातील, बिल प्रत्यक्ष काट्यावरच्या वजनावर होईल. चालू लॉटप्रमाणे अंदाजे वजन १,७३८ किलो. लॉट बदलल्यास वजन थोडं कमी-जास्त होऊ शकतं. माल तुमच्यासमोर तोलला जाईल."

बिलात प्रत्येक मापाच्या ओळीत नग आणि किलो दोन्ही द्या: '१२ एमएम, ८० नग, ८६८ किलो'. भाव किलोवरच राहील, पण नग लिहिल्यामुळे ग्राहकाला सळईमागचं सरासरी वजन लगेच काढता येतं. लपवण्यासारखं काही नाही हे न बोलता कळतं. काट्याची पावती बिलाला जोडा.

तरीही ग्राहक म्हणाला 'सळईच चुकीची आहे' तर?

तर त्याचं ऐका, कारण कधीकधी तो बरोबरही असतो. सळईचा एक मीटरचा तुकडा दोन्ही टोकांना सरळ कापा आणि ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या काट्यावर तोला. १२ एमएमला प्रमाण वजन ८८८ ग्रॅम आहे. आपल्या उदाहरणातल्या मालाचा तुकडा ९०० ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे सळई खरंच थोडी जड आहे, काटा खोटा नाही, हे ग्राहकाला डोळ्यांनी दिसेल. एकाच तुकड्यावर निकाल लावू नका, वेगवेगळ्या सळयांचे तीन-चार तुकडे घ्या.

तुकड्यांचं वजन ८८८ च्या जवळ आलं पण बिलात सळई ११ किलोंची लागली असेल, तर गडबड काट्यात, लांबीत किंवा नगांच्या मोजणीत आहे. नग पुन्हा मोजा, एक सळई टेप लावून मोजा, काटा तपासा. आणि सगळे तुकडे ८३० ग्रॅमच्या आसपास आले, तर लॉट ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर हलका असण्याची शक्यता आहे. असा माल प्रत्यक्ष वजनावर विकला म्हणून तो चांगला होत नाही. बिल बरोबर असेल, पण सळई १२ एमएमची म्हणायच्या लायकीची नाही. तो लॉट बाजूला ठेवा, त्याचे टॅग जपा आणि पुरवठादाराला कळवा.

हे लक्षात ठेवा: प्रत्यक्ष वजनाचं बिल पैशांचा हिशोब बरोबर ठेवतं, मालाच्या दर्जाची हमी देत नाही. दर्जासाठी मानक, आयएसआय मार्क आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट बघावं लागतं.

नवीन दुकान टाकत असाल तर पहिल्या लॉटपासून एक साधी वही सुरू करा. तारीख, पुरवठादार, माप, मोजलेले नग, वजन आणि एका सळईची सरासरी, एवढेच रकाने. सहा महिन्यांत तुम्हाला कळेल कोणाचा माल नेहमी जड येतो आणि कोणाचा प्रमाण वजनाच्या जवळ. घर बांधणारा आणि कंत्राटदार दोघांनाही प्रमाण वजनाच्या जवळचा माल हवा असतो. तो कुठून घ्यायचा हे ही वहीच तुम्हाला सांगेल.